बिल तुमच्या हातात, क्रेडिट विकणाऱ्याच्या रिटर्नमध्ये

प्रश्न : ताई, कराडजवळच्या गावात मी १ जुलैपासून इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलं आहे. जीएसटी नंबर घेतला आहे आणि रिटर्न दर महिन्याला भरायचं ठरवलं आहे. जुलैत चार पक्क्या बिलांवर मिळून मी ७५,६०० रुपये जीएसटी दिला. गिऱ्हाइकांकडून ६४,८०० रुपये जीएसटी जमा झाला. म्हणजे माझेच १०,८०० रुपये सरकारकडे निघतात. पण आमचे कर सल्लागार म्हणतात, तुम्हालाच १०,८०० भरायचे आहेत, तेही २० ऑगस्टच्या आत. बिलांचे फोटो जोडले आहेत. चूक त्यांची की माझी?
(एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : तुमच्या सल्लागारांचा आकडा बरोबर आहे. तुमची बेरीज-वजाबाकीही चुकलेली नाही. फरक पडला तो एका गोष्टीमुळे. तुम्ही बिलांवरचा जीएसटी मोजलात आणि त्यांनी पोर्टलवर दिसणारा मोजला. तुमची चारही बिलं मी नीट पाहिली. नवीन दुकानदाराला इनपुट टॅक्स क्रेडिटमध्ये जे शिकावं लागतं, ते जवळजवळ सगळं या चार कागदांत आहे. म्हणून त्यांच्याच आधाराने सांगते.

आधी मुळातला हिशोब. होलसेलरने तुम्हाला १,००० रुपयांचं वायरचं बंडल दिलं आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८० रुपये जीएसटी घेतला. ते बंडल तुम्ही १,२०० रुपयांना विकलंत आणि गिऱ्हाइकाकडून २१६ रुपये जीएसटी घेतलात. हे २१६ रुपये तुमचे नाहीत, सरकारचे आहेत. पण त्याच बंडलावर १८० रुपये आधीच दिलेले असल्यामुळे तुम्ही फक्त ३६ रुपये भरायचे. तुम्ही माल २०० रुपयांनी महाग केलात, त्या २०० वरचा हा १८ टक्के कर. आधी दिलेले १८० रुपये वजा करून घेण्याचा जो हक्क, त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. जुने व्यापारी व्हॅटच्या काळापासून त्याला सेटऑफ म्हणतात, आणि बाजारात तुम्हाला तोच शब्द जास्त ऐकू येईल.

इथपर्यंत तुम्हाला ठाऊक असणारच. पुढचा भाग मात्र बऱ्याच जणांना कुणी सांगितलेला नसतो. तुम्ही होलसेलरला १८० रुपये दिलेत, एवढ्यावर सरकार तुमचं क्रेडिट मानत नाही. त्या होलसेलरने त्याच्या GSTR-1 या रिटर्नमध्ये तुमचा जीएसटी नंबर टाकून ते बिल दाखवलं पाहिजे. त्याने दाखवलं की ते तुमच्या खात्यावर GSTR-2B नावाच्या पत्रकात उतरतं. दर महिन्याचं हे पत्रक पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच अट आहे की जे बिल GSTR-2B मध्ये नाही, त्याचं क्रेडिट घेता येत नाही. बिल खरं असो, माल दुकानात आलेला असो, पैसे बँकेतून दिलेले असोत, तरी नाही. त्याआधी पत्रकात नसलेल्या रकमेसाठी काही टक्क्यांची सवलत होती, ती आता उरलेली नाही.

आता तुमची बिलं.

पहिलं पुण्याच्या होलसेलरचं. वायर, स्विच आणि केसिंग पट्टी मिळून २,००,००० चा माल आणि ३६,००० जीएसटी, म्हणजे १८,००० केंद्राचा सीजीएसटी आणि १८,००० राज्याचा एसजीएसटी. हे बिल तुमच्या 2B मध्ये आहे. दुसरं अहमदाबादच्या पार्टीचं, पंख्यांचं. १,००,००० चा माल आणि १८,००० आयजीएसटी. माल दुसऱ्या राज्यातून आल्यामुळे कर दोन भागांत न होता एकाच आयजीएसटीत लागला. हेही 2B मध्ये आहे. या दोन्हींचं मिळून ५४,००० क्रेडिट तुमचं झालं. ६४,८०० मधून ५४,००० गेले की १०,८०० उरतात. सल्लागारांचा आकडा हाच. तुमच्या हिशोबातही नेमके १०,८०० च आले, पण उलट बाजूने. हा निव्वळ योगायोग आहे आणि बहुधा त्यानेच तुम्ही जास्त गोंधळलात.

उरलेले २१,६०० रुपये दोन बिलांत अडकले आहेत, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

तिसरं बिल कराडच्याच व्यापाऱ्याचं. एमसीबी आणि एलईडी दिवे, ८०,००० चा माल, १४,४०० जीएसटी, तारीख १२ जुलै. बिल अगदी व्यवस्थित आहे. तुमचा नंबर बरोबर, कर बरोबर, सही-शिक्का सगळं. तरी ते 2B मध्ये नाही, कारण हे व्यापारी तिमाही रिटर्न भरतात. वर्षाला ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तशी मुभा आहे. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचं त्यांचं GSTR-1 एकत्र १३ ऑक्टोबरपर्यंत जाईल. त्यानंतर १४ ऑक्टोबरला सप्टेंबरचं जे 2B तयार होईल, त्यात तुमचे १४,४०० दिसतील. म्हणजे हे पैसे बुडालेले नाहीत, दोन महिने मागे पडलेत. पण तुमच्यासारख्या नव्या दुकानदाराला दोन महिने १४,४०० रुपये अडकून पडणं सोपं नसतं. हेच बिल वेळेत आलं असतं तर तुम्हाला या महिन्यात एक रुपयाही भरावा लागला नसता. उलट ३,६०० रुपये क्रेडिट शिल्लक राहिलं असतं.

यावर उपाय आहे. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांसाठी पोर्टलवर IFF नावाची सोय आहे. तिच्यातून ते तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवू शकतात. ते ऐच्छिक असल्यामुळे बरेच व्यापारी त्या वाटेला जात नाहीत. तुम्ही त्यांना स्पष्ट विचारा : "भाऊ, तुम्ही तिमाही आहात, पण माझी बिलं दर महिन्याला IFF मध्ये टाकता का?" टाकत असतील तर ऑगस्टच्या खरेदीचा प्रश्नच उरणार नाही. टाकत नसतील तर भाव ठरवतानाच हा दोन महिन्यांचा खोळंबा धरा. पुण्याचा होलसेलर १ टक्का महाग वाटला, तरी त्याचं क्रेडिट त्याच महिन्यात मिळतं. उधारीच्या धंद्यात त्याचीही किंमत असते.

चौथं बिल संगणक आणि प्रिंटरचं. ४०,००० रुपये आणि ७,२०० जीएसटी. हे पाहून मला वाईट वाटलं, कारण इथे कुणाचीच लबाडी नाही. दुकानासाठी संगणक घेताना तुम्ही फक्त नाव आणि मोबाइल नंबर दिलात, जीएसटी नंबर दिला नाहीत. त्या शोरूमच्या दृष्टीने तुम्ही साधे गिऱ्हाईक ठरलात. अशी बिलं रिटर्नमध्ये एकत्र बेरीज करून जातात. त्यावर कुणाचा नंबरच नसतो, म्हणून ती कुणाच्याही 2B मध्ये उतरत नाहीत. संगणक धंद्यासाठीच घेतला आहे, त्यामुळे क्रेडिटवर तुमचा हक्क आहे. फक्त बिलाने तो हक्क दाखवलेला नाही. आजच शोरूमला जाऊन जुनं बिल रद्द करून नंबरासह नवं द्या म्हणावं. त्यांनी त्या महिन्याचं रिटर्न भरलेलं नसेल तर काम चटकन होतं. भरलेलं असेल तर त्यांना पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करावी लागते आणि त्यासाठी पुष्कळ पाठपुरावा करावा लागतो. तरीही करा, ७,२०० रुपये आहेत. आणि क्रेडिट मिळालं, तर प्राप्तिकराच्या हिशोबात घसारा ४०,००० वरच धरायला सांगा. ४७,२०० वर घसारा धरला तर त्या ७,२०० चं क्रेडिट कायद्याने मिळत नाही.

यापुढे दोन हजारांचा स्टेपलर-कागद आणला तरी आधी जीएसटी नंबर सांगायची सवय लावा. दुकानाच्या भिंतीवरच्या फलकावर तो नंबर असतोच, त्याचा फोटो मोबाइलमध्ये वर ठेवा. पंधरा अक्षरांतला एक अंक चुकला तरी तुमचं क्रेडिट अडकू शकतं. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, एवढी एक नजर प्रत्येक बिलावर टाकाच.

आता एक बारीक मुद्दा. तो तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या पैशांशी त्याचा थेट संबंध आहे. १०,८०० हा आकडा आपोआप येत नाही. अहमदाबादचे ते १८,००० आयजीएसटी कुठे वळवले, यावर तो ठरतो. नियम असा की सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटी भरायला वापरता येत नाही, आणि उलटही नाही. आयजीएसटीचं क्रेडिट मात्र दोन्हीकडे वापरता येतं, आणि ते आधी पूर्ण संपवावं लागतं. तुमच्या विक्रीवरचे ६४,८०० म्हणजे ३२,४०० सीजीएसटी आणि ३२,४०० एसजीएसटी. आयजीएसटीचे १८,००० निम्मे-निम्मे वाटले, तर प्रत्येक बाजूला ९,००० मिळतात. त्यात पुण्याच्या बिलाचे १८,००० मिळवले की प्रत्येक बाजूचे २७,००० फिटतात आणि ५,४०० उरतात. दोन्ही मिळून १०,८०० रोख.

आता समजा, कुणी घाईत सगळे १८,००० सीजीएसटीतच टाकले. मग सीजीएसटीचे राहतात १४,४०० आणि ते फेडायला क्रेडिट आहे १८,०००. तिथे ३,६०० क्रेडिट वाया न जाता नुसतं पडून राहतं. एसजीएसटीच्या बाजूला मात्र ३२,४०० मधून १८,००० जाऊन १४,४०० रोख भरावे लागतात. खरेदी-विक्री तीच, तरी खिशातून ३,६०० जास्त गेले. तुम्ही दर महिन्याला ज्या रिटर्नमधून कर भरता, त्या GSTR-3B मध्ये कर भरायच्या पानावर पोर्टल स्वतः एक वाटणी सुचवतं, पण तिथले आकडे बदलता येतात. म्हणून भरण्याआधी सल्लागारांकडून तेवढं एक पान मागून घ्या आणि दोन्ही बाजूंची रोख रक्कम पाहा. एका बाजूला क्रेडिट शिल्लक आणि दुसऱ्या बाजूला रोख भरणा असं दिसलं, की समजायचं वाटणी पुन्हा करायला हवी.

"माझेच सरकारकडे निघतात" असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दलही सांगते. एखाद्या महिन्यात खरोखरच क्रेडिट जास्त झालं, तरी तुमच्यासारख्या धंद्यात ते रोख परत मिळत नाही. ते तुमच्या क्रेडिट लेजरमध्ये राहतं आणि पुढच्या महिन्यांत वापरलं जातं. परतावा प्रामुख्याने निर्यातदारांना आणि ज्यांच्या कच्च्या मालावरचा दर तयार मालापेक्षा जास्त आहे अशांना मिळतो. म्हणून क्रेडिटसाठी जास्त माल भरून ठेवण्यात अर्थ नाही.

बिल 2B मध्ये आलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. तिथून पुढे दोन गोष्टींमुळे घेतलेलं क्रेडिट परत करावं लागू शकतं आणि त्या दोन्ही तुमच्या बाजारात रोज घडतात.

पहिली उधारीची. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत होलसेलरला मालाचे आणि कराचे पैसे द्यावे लागतात. नाही दिले, तर जेवढी रक्कम बाकी तेवढ्याच्या प्रमाणात क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. नंतर पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण व्याज गेलं ते गेलं. कराडच्या १२ जुलैच्या बिलाला ही मुदत ८ जानेवारीला संपते. हंगामाच्या आधी माल भरायचा आणि पैसे नंतर कधीतरी द्यायचे, अशी पद्धत जिथे आहे तिथे ही तारीख वहीत लिहूनच ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. विकणाऱ्याने GSTR-1 भरलं म्हणजे बिल दाखवलं. पण कर प्रत्यक्ष भरला जातो तो GSTR-3B मधून. काही जण पहिलं भरतात आणि दुसरं भरत नाहीत. तुमच्या 2B मध्ये बिल दिसतं, तुम्ही निर्धास्त क्रेडिट घेता, आणि सरकारकडे पैसे आलेलेच नसतात. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंतही त्याने ते 3B भरलं नाही, तर तुम्हाला ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट परत करावं लागतं. त्याने पुढे कधी भरलं, तर तुम्हाला ते पुन्हा घेता येतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका रंगाच्या दुकानदाराचं हेच झालं. स्वस्त देतो म्हणून एका नव्या पार्टीकडून माल घेत राहिले. प्रत्येक महिन्याला बिल 2B मध्ये दिसत होतं, म्हणून मीही हरकत घेतली नाही. वर्षभरानंतर नोटीस आली तेव्हा कळलं की त्या पार्टीने 3B भरणंच सोडून दिलं होतं. ३० नोव्हेंबर केव्हाच उलटून गेला होता. ६२,००० रुपये क्रेडिट परत करावं लागलं आणि वर १८ टक्क्यांनी व्याज. तेवढाच कर त्यांनी त्या पार्टीलाही दिला होता. एकाच मालावर दोनदा कर भरताना त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या पार्टीचं रिटर्न आधी तपासते.

तुम्हालाही ते करता येतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर Search Taxpayer मध्ये समोरच्याचा नंबर टाका आणि Show Filing Table वर दाबा. त्याने कोणत्या महिन्याचं GSTR-1 आणि GSTR-3B कोणत्या तारखेला भरलं, ते समोर येतं. GSTR-1 वेळेवर आणि GSTR-3B दोन-तीन महिने मागे असं दिसलं, तर त्या पार्टीशी व्यवहार कमी करा. तिथेच नंबर चालू आहे की रद्द झालाय, आणि समोरचा उलाढालीवर ठोक दराने कर भरायच्या कंपोझिशन योजनेत आहे का, हेही कळतं. कंपोझिशनवाला तुमच्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्या मालावर क्रेडिटही नसतं. तो कर लावून बिल देत असेल तर ते बिलच चुकीचं आहे.

बाजारातले जाणते लोक आणखी एक करतात. होलसेलरला मालाचे पैसे देतात आणि कराचा भाग बिल 2B मध्ये दिसेपर्यंत थांबवून ठेवतात. ओळखीच्या, वर्षानुवर्षांच्या पार्टीशी असं करायची गरज नाही. नव्या पार्टीला मात्र पहिल्याच सौद्यात हे सांगून टाका. ज्याचं रिटर्न सरळ आहे तो त्याचा राग धरत नाही. फक्त १८० दिवसांचा हिशोब सोडू नका.

तुमच्या दुकानात ज्यावर क्रेडिट चालत नाही, त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं सांगते. दुकानातला पंखा काढून घरी लावलात किंवा मेव्हण्याच्या लग्नात भेट दिलात, तर त्या पंख्याचं क्रेडिट परत करावं लागतं. चोरी झाली किंवा पाण्यात माल खराब झाला, तरी तसंच. माल पोचवायला टेम्पो घेतलात तर त्याचं क्रेडिट मिळतं, स्वतः फिरायला कार किंवा स्कूटर घेतलीत तर मिळत नाही.

आणि २० ऑगस्टबद्दल. १०,८०० भरून 3B वेळेत भरून टाका. काही जण सल्ला देतील की कराडचं बिल खरंच आहे, मग १४,४०० धरून टाका. तसं करू नका. 2B मध्ये नसलेलं क्रेडिट वापरलं तर ते परत करताना १८ टक्के व्याज लागतं आणि पोर्टलवर तो फरक लगेच दिसतो.

१४ ऑक्टोबरला सप्टेंबरचं 2B उघडा आणि त्यात कराडच्या व्यापाऱ्याचं १२ जुलैचं बिल शोधा. ते असेल तर सप्टेंबरच्या 3B मध्ये ७,२०० सीजीएसटी आणि ७,२०० एसजीएसटी घ्या. नसेल, तर त्याच दिवशी त्यांच्या दुकानात जा. या आर्थिक वर्षातलं कोणतंही क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत, वर्ष संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर किंवा तुम्ही वार्षिक रिटर्न भरलंत ती तारीख, यातली जी आधी येईल ती. संगणकाचं बिलही तोवर दुरुस्त होऊन आलं पाहिजे.